पाच पाकिटं आणि बनसोडे

ईश्वर बनसोडे गोड बोलायला जन्मलेच नव्हते. सोलापूरच्या उन्हाला दोष द्यावा, तर त्याच उन्हात वाढलेली बाकीची माणसं चांगली हसूनखेळून असतात. सात रस्त्याजवळच्या एका क्लासमध्ये ते एकोणीस वर्षं पोरांच्या शंका सोडवत होते आणि त्यांच्या तोंडून 'शाब्बास' ऐकलेला एकही विद्यार्थी शोधून सापडला नसता. उत्तर बरोबर असेल तर ते 'बरोबर' म्हणत. चूक असेल तर 'परत कर' म्हणत. पण त्यांचा 'बरोबर' खोटा निघाल्याचंही कुणाला आठवत नव्हतं, म्हणून पोरं शिव्या घालत घालत त्यांच्याकडेच येत.

अशा क्लासमध्ये दोन तऱ्हेचे सर असतात. एक फळ्यावरचे. त्यांचे फोटो चौकाचौकात फ्लेक्सवर लागतात, हाताची घडी घालून, कपाळावर तेज वगैरे. दुसरे शंकावाले. त्यांना पोरं 'डाउटवाले सर' म्हणतात. बनसोडेंची खोली जिन्याखाली होती, पाण्याच्या टाकीला लागून. टाकी भरली की भिंतीला ओल यायची, रिकामी झाली की वर पाण्यासाठी पोरांची बोंब व्हायची. त्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा आणि बनसोडे.

ते फळ्यावर का नव्हते, याचं उत्तर सोपं आहे आणि घाणेरडं आहे. बुधवार पेठेतला पोरगा, आई नागूबाई सूतगिरणीत, गणित घेऊन बीएस्सी पहिल्या वर्गात. अकरा शाळांत मुलाखती दिल्या आणि अकराही शाळांनी 'कळवतो' म्हणून सांगितलं. कॉलेजात एकाच बाकावर बसलेल्या महेश्वरनं पुढं बऱ्याच वर्षांनी क्लास काढला तेव्हा त्यानं ईश्वरला बोलावून घेतलं. "यंदा शंका बघ, पुढच्या वर्षी फळ्यावर उभा करतो," म्हणाला. ते पुढचं वर्ष आलंच नाही. एकदा बनसोडेंनी सरळ विचारलं, तेव्हा महेश्वर सर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "पालकांना आडनाव विचारायची खोड असते रे. मला काही नाही, पण तुला ठाऊक आहे." बनसोडेंना ठाऊक होतं. त्यानंतर त्यांनी परत विचारलं नाही आणि महेश्वर सरांशी हसणंही बंद केलं.

अलीकडं पोरं खोलीत कमी यायची, मोबाइलवर फोटो जास्त पाठवायची. शंकांचा नंबर क्लासच्या प्रत्येक पत्रकावर छापलेला होता. तो बनसोडेंचा स्वतःचाच नंबर, पहिल्या दिवसापासूनचा. दिवसाला शंभर-दीडशे फोटो यायचे. तिरपे, अंधारे, अंगठ्याची सावली पडलेले, अर्धी ओळ कापलेले. म्हणून बनसोडेंनी दोन नियम केले होते आणि ते कुणासाठी मोडत नसत. पहिला, पूर्ण पान पाठवा. कापलेल्या ओळीतच बरेचदा अट असते, आणि अट गेली की गणित दुसरंच होतं. दुसरा, आधी तुम्ही काय केलं ते लिहून पाठवा. आयतं उत्तर मागणाऱ्याला ते म्हणत, "हे काय हॉटेल आहे?"

दोन वर्षांपूर्वी क्लासमध्ये दिग्विजय सर आले. मोहोळकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, पुण्यात इंजिनिअर झालेले, लातुरात तीन वर्षं शिकवून नाव कमावलेले. वय तिशीच्या आत. शिकवायचे झकास, यात वाद नाही. पोरं बाकावरून उठायची नाहीत. पण माणूस घोड्यावर बसूनच आलेला. शिपायालासुद्धा 'मामा' म्हणणारा हा गृहस्थ बनसोडेंना मात्र नुसतं 'बनसोडे' म्हणायचा. बापाच्या वयाच्या माणसाला. "बनसोडे, हे जरा बघून ठेवा." "बनसोडे, पोरांना जास्त पद्धती सांगत बसू नका, गोंधळतात." बनसोडे नुसते चष्म्यावरून बघत, आणि त्या बघण्यात सगळं असे. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य अख्ख्या क्लासला माहीत होतं.

एप्रिलात क्लासची मोठी परीक्षा झाली. त्यातून तीस पोरांची निवडक तुकडी काढायची, तिला फी माफ, तिला दिग्विजय सर स्वतः शिकवणार. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. पेपर दिग्विजय सरांचा, उत्तरं दिग्विजय सरांची. तीन दिवसांत यादी लागली आणि पाचव्या दिवशी तीस फोटोंचा फ्लेक्स दारावर चढलासुद्धा. फ्लेक्सची घाई या धंद्यात सगळ्यांना असते. गणित मागाहून तपासलं तरी चालतं.

त्याच दिवशी दुपारी बनसोडेंच्या फोनवर एक फोटो आला. पाठवणारी आरोही. मोहोळच्या पुढच्या एका खेड्यातली, रोज एसटीनं येणारी, कमी बोलणारी मुलगी. प्रश्न असा होता. पाच पत्रं आहेत आणि पाच जणांच्या नावांची पाच पाकिटं. प्रत्येक पाकिटात एक पत्र घालायचं. निदान दोन पत्रं आपापल्या पाकिटात पडतील, असे प्रकार किती?

फोटोत पानाचा वरचा भाग कापला होता. बनसोडेंचं बोट नेहमीप्रमाणं 'पूर्ण पान' लिहायला गेलं, मग थांबलं. प्रश्न तर पुरा होता. अट पुरी होती. वरचं नुसतं मथळ्याचं काहीतरी गेलं असेल. आणि खाली आरोहीनं स्वतः केलेलं सगळं नीट मांडलं होतं. नेमकी दोन बरोबर : ती दोन निवडायचे प्रकार दहा, उरलेली तिन्ही एकमेकांच्या पाकिटांत चुकवायचे प्रकार दोन, म्हणजे वीस. नेमकी तीन बरोबर : निवडायचे प्रकार दहा, उरलेल्या दोघांची अदलाबदल एकाच तऱ्हेनं, म्हणजे दहा. नेमकी चार बरोबर : शून्य, कारण पाचव्याला स्वतःचंच पाकीट उरतं, ते चुकणार कसं? पाचही बरोबर : एक. एकूण एकतीस.

बनसोडेंना काम आवडलं. म्हणून त्यांनी लिहिलं, "बरोबर. ३१." आणि आवडलं म्हणूनच, न मागता, दुसऱ्या वाटेनं पडताळाही दिला. दोन पत्रं बरोबर धरून उरलेली कशीही घातली तर साठ. पण त्यात काही प्रकार परत परत मोजले जातात. तीन धरून मोजले की वीस, चार धरून पाच, पाचही धरून एक. साठातून विसाची दुप्पट काढा, पाचाची तिप्पट मिळवा, एकाची चौपट काढा. साठ वजा चाळीस अधिक पंधरा वजा चार, एकतीस. खाली त्यांनी लिहिलं : "साठ म्हणणारा माणूस मोजायला बसलाय, पण आपण काय मोजलंय ते त्याला आठवत नाही."

हा शेवटचा वाक्प्रहार जाऊन कुणाच्या टाळक्यात बसणार आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. कापलेल्या मथळ्यात क्लासचं नाव होतं, परीक्षेचं नाव होतं आणि उत्तरतालिकेत त्या प्रश्नापुढं साठ होतं.

आरोहीनं ते उत्तर तसंच्या तसं वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. तिला एकतीस लिहिल्याबद्दल एक गुण वजा झाला होता आणि तिचा नंबर चौतिसावा होता. फ्लेक्सवरच्या तिसांपैकी बहुतेकांनी साठ लिहिलं होतं, कारण दिग्विजय सरांनी वर्गात घाईघाईत तसंच शिकवलं होतं. संध्याकाळपर्यंत त्या ओळीचे फोटो निघून सगळ्या पालकांच्या ग्रुपवर फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसमधल्या मायाक्का जिन्याखाली आल्या. "सर, वर बोलावलंय. दोघं बसलेत. चेहरे बरे नाहीत," म्हणाल्या आणि पाठ फिरवून गेल्या.

वर महेश्वर सर खुर्चीत होते आणि दिग्विजय खिडकीशी उभा.

"मुद्दाम केलं तुम्ही," दिग्विजय म्हणाला. "माझा पेपर आहे माहीत असून."

"पानावर तुमचं नाव नव्हतं. कापलेलं होतं."

"तुम्ही तर कापलेलं पान घेत नाही ना? सगळ्या क्लासला नियम सांगता. माझ्याच वेळी बरं घेतलंत!"

हे मात्र बनसोडेंना लागलं, कारण ते खरं होतं. एकोणीस वर्षांत एकदा नियम सोडला आणि तोच नेमका नडला. ते म्हणाले, "तेवढी चूक माझी. पण पान पुरं असतं तरी उत्तर एकतीसच आलं असतं."

"ते मला शिकवू नका."

"कुणीतरी शिकवायला हवं होतं."

"ईश्वर!" महेश्वर सरांनी टेबलावर हात आपटला. मग दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ. एकतीस आहे, मला कळतंय. रात्री मीही करून बघितलं. पण फ्लेक्स लागलाय. तालिका बदलली की सात पोरं बाहेर जातात, त्यांचे बाप इथं येऊन बसतील. त्यात एक नगरसेवक आहे. तू ग्रुपवर एक ओळ टाक. घाईत माझी चूक झाली, साठ बरोबर आहे. लोक दोन दिवसांत विसरतील."

"आणि नाही टाकली तर?"

"तर सोमवारपासून जिन्याखाली दुसरा माणूस बसेल."

दिग्विजय खिडकीबाहेर बघत राहिला. बनसोडेंना वाटलं, हा पोरगा आता तरी तोंड उघडेल. गणिताचा माणूस आहे, साठ आणि एकतीस यांतलं अंतर त्याला झोपू देणार नाही. पण त्यानं तोंड उघडलं ते एवढंच म्हणायला : "बनसोडे, एका ओळीचा तर प्रश्न आहे."

त्या दिवशी बनसोडे घरी गेले आणि जेवले नाहीत. बायको म्हणाली, "टाका ना एक ओळ. तुमचं नाव फ्लेक्सवर थोडंच आहे, जायला?" चिडून बोलली ती. तिला भीती वाटत होती आणि ती रास्त होती. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला कोण नवी खुर्ची देतं? बनसोडेंनी फोन हातात घेतला. ओळ लिहिलीसुद्धा. 'घाईत माझी चूक झाली.' ती ओळ त्यांनी वाचली, आणि आजवर पाठवलेल्या हजारो 'बरोबर'ची त्यांना आठवण झाली. ही ओळ गेली की ते सगळे 'बरोबर' संशयात पडणार होते. दुसरं काहीच त्यांनी कमावलेलं नव्हतं. त्यांनी ओळ पुसली.

रविवारी पालकसभा होती. निवडलेल्यांचा सत्कार, नारळ, शाल. वरच्या हॉलमध्ये कुलर घरघरत होते. बनसोडेंना बोलावणं नव्हतं. ते आपल्या खोलीत बसून टेबलाचे खण रिकामे करत होते. सत्कार निम्म्यावर आला असताना मायाक्का धावत खाली आल्या. "चला वर. मोहोळची एक बाई उठून उभी राहिलीय. बसायला तयार नाही."

ती आरोहीची आई होती, दगडाबाई. मोहोळच्या बाजारात भाजी विकणारी, अंगठेबहाद्दर. पोरीला घेऊन पहिल्यांदाच क्लासात आली होती. बनसोडे दारात पोचले तेव्हा ती म्हणत होती, "माझ्या पोरीचं चुकलं आसंल तर चुकलं म्हना, मी तिला घिऊन जाते. पर तुमचाच येक मास्तर बरूबर म्हनतोय आन् दुसरा चूक म्हनतोय. मी अडाणी हाय, मला कुटं कळतंय? दोगांनी माझ्यासमोर बोलावं की."

"आई, तो मास्तर नाही," दिग्विजय माईकवर म्हणाला. "शंका बघतो फक्त. त्याची चूक झालीय."

"मग त्यास्नीच बोलवा."

"आलोय," बनसोडे दारातून म्हणाले.

त्यांच्या बगलेत जुन्या बुटांचा खोका होता. खण आवरताना तोच हातात होता आणि तसाच घेऊन ते वर आले होते. त्यात पाच पाकिटं होती, लग्नपत्रिकांची, आणि पाच चिठ्ठ्या. पाकिटांवर आणि चिठ्ठ्यांवर तीच पाच चित्रं काढलेली : वांगं, मिरची, कांदा, भोपळा, लिंबू. न समजणाऱ्या पोरांसाठी त्यांनी ती कित्येक वर्षांपूर्वी केली होती. महेश्वर सर उठले, "ईश्वर, खाली जा," म्हणाले. पण तोवर पुढच्या रांगेतल्या दोन बाप्यांनी टेबल ओढून दिलं होतं. त्यांची पोरंही साठमुळं बाहेर राहिलेली असावीत.

बनसोडे दगडाबाईंना म्हणाले, "बाई, हितं या. ह्या सरांची रीत मी मांडतो. कुठं खटकलं तर सांगा." मग दिग्विजयकडे बघून : "तुमचीच रीत. माझं काही घालत नाही. दोन पत्रं बरोबर धरायची, उरलेली तीन कशीही. बरोबर?"

दिग्विजयनं माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. शेवटी म्हणाला, "हो."

"आधी वांगं आणि मिरची बरोबर धरू." त्यांनी त्या दोन चिठ्ठ्या आपापल्या पाकिटांत घातल्या. "उरलेल्या तीन कशाही पडू शकतात. सहा तऱ्हा. त्यातली एक तऱ्हा अशी." त्यांनी कांदा कांद्यात, भोपळा भोपळ्यात, लिंबू लिंबात घातलं. "ही एक धरली. सरांनी मोजली."

"व्हय."

त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. "आता दुसरी जोडी. वांगं आणि कांदा बरोबर धरू." घातल्या. "उरलेल्या तीन कशाही. त्यातली एक तऱ्हा अशी." मिरची मिरचीत, भोपळा भोपळ्यात, लिंबू लिंबात. "हीसुद्धा सरांनी मोजली."

दगडाबाईंनी पाकिटांकडं बघितलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "आवं, ही तर मगाशीच मांडली हुती की. समदी जिथल्या तिथं."

"तीच आहे."

"मग परत का मोजली?"

"ते सरांना विचारा. जोड्या दहा आहेत. दहाही वेळा हीच तऱ्हा येते, आणि दहाही वेळा मोजलीय. जिथं तीन बरोबर आहेत, त्या तऱ्हा तीन तीन वेळा मोजल्यात. एकेकदाच मोजा. नेमक्या दोन बरोबर, वीस. नेमक्या तीन, दहा. सगळ्या बरोबर, एक. चार बरोबर आणि एकच चूक, असं होतच नाही, करून बघा." आणि त्यांनी एक चिठ्ठी हातात ठेवून चार पाकिटं भरली. हातात लिंबू होतं आणि रिकामं पाकीटही लिंबाचंच.

दिग्विजयचा चेहरा लाल झाला होता. "हे काय लावलंय? गणित असं भाजीबाजारात सुटत नसतं!" तो म्हणाला.

दगडाबाई वळली. "सायेब, भाजीबाजारात येक जुडी दोनदा मोजली तर गिऱ्हाईक हात धरतं. तुमी दहांदा मोजली आन् वर नारळ वाटायलाय."

कुणीतरी हसलं आणि मग सगळा हॉल हसला. त्या हसण्यात दया नव्हती. बनसोडेंनी दिग्विजयकडं पाहिलं. पोरगा माईक धरून उभा होता, कान पेटलेले. बनसोडेंना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, खोटं कशाला बोला. दोन वर्षांचा राग त्या एका हसण्यात फिटला. पण चिठ्ठ्या गोळा करताना त्यांनी परत त्याच्याकडं पाहिलं नाही.

त्या दिवशीच तालिका बदलली. महेश्वर सरांनी माईकवर 'छपाईची चूक' असा शब्द वापरला. नगरसेवक उठून गेला. दोन दिवसांनी फ्लेक्सवर सात चेहऱ्यांवर नवे सात चेहरे चिकटवले गेले आणि त्यात आरोही बाविसावी होती. घाईत चिकटवल्यामुळं तिच्या कानापाशी जुन्या पोराची टोपी दिसत राहिली.

आणि सोमवारी जिन्याखालच्या खोलीला नवं कुलूप होतं.

"संस्थेची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस," महेश्वर सर म्हणाले. "एकतीस म्हणून तू काय मिळवलंस?"

"तू करून बघितलं होतंस रात्री," बनसोडे म्हणाले. "तुला माहीत होतं. मला तुझाच जास्त राग आहे, महेश्वर. त्या पोराला निदान स्वतःची चूक कबूल करवत नव्हती." एवढं बोलून ते खोका घेऊन खाली उतरले. जिन्यावर निवडक तुकडीची पोरं चढत होती. त्यात आरोही होती. तिनं त्यांना पाहिलं आणि वहीत डोकं घातलं. वर दिग्विजय सरांचा तास होता. तिला दोन वर्षं तिथंच काढायची होती, हे बनसोडेंना समजत होतं. समजत होतं तरी ते लागलं. इतकं लागलं, की रिक्षा न करता ते भर उन्हात बुधवार पेठेपर्यंत चालत आले.

पुढं त्यांनी पेठेतल्या विहाराच्या ओट्यावर दहावीची पोरं बसवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर फळा होता. मागून आणलेला, एका कोपऱ्यात फुटलेला. पोरांवर ते पूर्वीसारखेच खेकसायचे. क्लासनं शंकांसाठी नवा नंबर काढला, पण जुन्या पत्रकांवरचा नंबर बघून फोटो बनसोडेंकडं येतच राहिले. ते सोडवत राहिले. का, असं बायकोनं विचारलं तर म्हणत, "आलेला प्रश्न परत पाठवू का?"

जूनमध्ये एका दुपारी असाच एक फोटो आला. नंबर ओळखीचा नव्हता. सहा पत्रं, सहा पाकिटं, एकही पत्र आपल्या पाकिटात पडू नये, असे प्रकार किती? पान वरून कापलेलं, खालून कापलेलं. सोबत एक ओळ : "बनसोडे सर, हे एकदा बघाल का?"

बनसोडेंनी ती ओळ वाचली आणि त्यांना लगेच कळलं. एप्रिलच्या पेपरची छपाई तीच, आकड्यांची ठेवण तीच. आता 'सर'! हॉलमध्ये सर नव्हतो, खिडकीशी सर नव्हतो, आणि आता दारं-खिडक्या बंद करून 'सर'! त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी तीन ओळी लिहिल्या. त्यातली एक इथं सांगण्यासारखी नाही. मग तिन्ही पुसल्या आणि जे सगळ्यांना पाठवत तेच पाठवलं : "पूर्ण पान पाठवा. आणि आधी तुम्ही काय केलं ते."

पाऊण तास काही आलं नाही. बनसोडेंना वाटलं, संपलं. मग फोन वाजला. पान पूर्ण होतं. वर क्लासचं नाव, पुढच्या परीक्षेची तारीख, खाली पेपर काढणाऱ्याचं नाव, दिग्विजय. आणि मधे पेन्सिलीनं, शाळकरी पोरानं करावं तसं पायरीपायरीनं मांडलेलं : सातशे वीस, वजा सातशे वीस, अधिक तीनशे साठ, वजा एकशे वीस, अधिक तीस, वजा सहा, अधिक एक. दोनशे पासष्ट. दोन ठिकाणी खोडलेलं, परत लिहिलेलं. शेवटी लहान अक्षरात : "कुठं दोनदा मोजलं नाही ना?"

बनसोडेंनी चष्मा पुसला. चूक सापडावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. देव मानत असते तर नवस बोलले असते. त्यांनी एकेक पायरी बोटानं तपासली, मग पाटीवर स्वतः करून बघितलं, मग सहा चिठ्ठ्या मनात मांडून वेगळ्या वाटेनं बघितलं. सगळ्या वाटांनी तेच आलं.

ओट्यावर पोरं येऊन बसली होती आणि गलका करत होती. बनसोडे फोन हातात धरून तसेच बसून होते. न लिहिता फोन ठेवून दिला असता तर कुणी विचारणारं नव्हतं. पेपर दिग्विजयचा, अब्रू दिग्विजयची. पुढच्या फ्लेक्सवर फोटोही त्याचाच.

एका पोरानं विचारलं, "सर, काय झालं?"

"गप बस," बनसोडे म्हणाले.

एकोणीस वर्षांत एका शब्दाला इतका वेळ त्यांना कधी लागला नव्हता. शेवटी त्यांनी लिहिलं, "बरोबर," आणि पाठवून दिलं. मग खडू घेऊन ते फळ्याकडे वळले आणि समोरच्या पोरांवर नेहमीपेक्षा जरा जास्तच खेकसले.